रंग झाकता येतो, सोललेली त्वचा नाही

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. माझं वय २७, राहणार कोल्हापूर. फेब्रुवारीत, म्हणजे आजपासून बरोबर तेरा आठवड्यांनी माझं लग्न आहे. पाळीच्या आधी हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने पुटकुळ्या येतात. त्या जातात, पण काळे डाग मागे ठेवतात. दोन महिन्यांपूर्वी मेडिकलवाल्या काकांनी एक क्रीम दिली. तिने डाग फिके झाले, रंगही उजळला, पण दोन दिवस लावली नाही तर चेहरा लाल होतो आणि चुरचुरतो. पार्लरच्या ताईंनी ब्रायडल पॅकेज सांगितलंय: आता दोन फेशियल, लग्नाच्या आठ दिवस आधी पील आणि हळदीच्या आदल्या दिवशी ब्लीच. मावसबहिणीने अमेरिकेहून रेटिनॉल, ग्लायकॉलिक सिरम आणि व्हिटॅमिन सी पाठवलंय, म्हणते आजपासूनच सगळं सुरू कर. आई म्हणते, उटणं सोडून कशाला हात लावू नकोस. लग्नात चेहऱ्यावर एकही डाग दिसायला नको. कोणाचं ऐकू?
– एक होणारी नवरी

उत्तर:

सगळ्यात आधी त्या मेडिकलच्या क्रीमची ट्यूब शोध आणि उजेडात धरून तिच्यावरची बारीक अक्षरं वाच. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव सापडेल असं मला जवळजवळ खात्रीने वाटतं. सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनही असू शकतं, कारण ही तिन्ही एकत्र असलेली क्रीम आपल्याकडे गोरेपणाची क्रीम म्हणून सर्रास काउंटरवरून दिली जाते. पहिली चारही नावं स्टिरॉइडची आहेत. इसबासारख्या आजारात, डॉक्टरांनी मोजून दिली तर ही उत्तम औषधं आहेत. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावली तर तीच त्वचा पातळ करतात.

रंग उजळला हे तुझं म्हणणं खोटं नाही. स्टिरॉइडने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, सूज बसते आणि चेहरा आठवड्याभरात एकसारखा, नितळ दिसायला लागतो. क्रीम थांबली की त्याच रक्तवाहिन्या पूर्वीपेक्षा जास्त फुलतात. तुला दोन दिवसांच्या खाड्यात जी लाली आणि चुरचुर जाणवते ती हीच. बहुतेक मुली इथे चकतात. त्यांना वाटतं, क्रीम बंद केल्याने त्रास होतोय, म्हणजे क्रीम चांगली होती. मग त्या पुन्हा लावतात आणि लग्नाच्या दिवसापर्यंत लावत राहतात. पुढे मधुचंद्राला निघताना ट्यूब घरी विसरते आणि चौथ्या दिवशी फोन येतो की चेहऱ्याची आग आग होतेय. असे फोन मी घेतले आहेत.

म्हणून तुझ्या तेरा आठवड्यांतला पहिला महिना या क्रीममधून सुटण्यासाठी ठेवायचा. हे एकटीने करू नकोस. याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि ट्यूब बरोबर ने. लाज वाटून ती फेकून देऊ नकोस, तिच्यावरची नावं आम्हाला हवी असतात. तुझी क्रीम किती तीव्र आहे त्यावर पुढचं ठरतं. कधी आम्ही ती एकदम थांबवतो आणि टॅक्रोलिमससारखं स्टिरॉइड नसलेलं मलम देतो, कधी सौम्य स्टिरॉइडवर आणून दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा असं कमी करत नेतो. तू दोनच महिने लावली आहेस, त्यामुळे साधारण काही आठवड्यांत हे निवळावं. वर्षभर लावणाऱ्यांना कित्येक महिने लागतात. मधल्या दिवसांत चेहरा लाल होईल, बारीक पुरळही उठेल. ‘तुला काय झालं गं?’ असं घरात कोणीतरी विचारणारच. पण हे नोव्हेंबरात झालेलं बरं, फेब्रुवारीत नको.

त्या महिन्यात चेहऱ्याला एवढंच लावायचं: फेस न करणारा, वास नसलेला साधा फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर आणि सकाळी सनस्क्रीन. बाकी काहीही नाही. फेशियल नाही, उटणंही नाही. मावसबहिणीचा डबा जसा आला तसा कपाटात ठेव.

आता एक कॅलेंडर घे. मोबाइलमधलं नको, दूधवाल्याचे खाडे लिहितो ते भिंतीवरचं घे. लग्नाच्या तारखेवर गोल कर, तिथून चार आठवडे मागे ये आणि त्या दिवशी लाल पेनाने एक आडवी रेघ मार. या रेघेनंतर चेहऱ्यावर नवीन काहीही लावायचं नाही. सौम्य असो, नैसर्गिक असो, सासूबाईंनी प्रेमाने दिलेलं असो, नवीन ते नवीनच.

चारच आठवडे का, तेही सांगते. त्वचेचा वरचा थर तळापासून नवा होऊन वर यायला साधारण चार आठवडे लागतात, वय वाढतं तसे थोडे जास्त. त्यामुळे डागांवरचं कोणतंही औषध चार आठवड्यांच्या आत फारसं काही दाखवत नाही. खरा फरक आठ ते बारा आठवड्यांनी दिसतो. त्रासाचा हिशोब मात्र उलटा असतो. तीव्र औषधाने त्वचा दोन दिवसांत सोलवटते. एखाद्या नव्या घटकाची ॲलर्जी असेल तर ती बहुधा पहिल्या दिवशी कळत नाही, कारण शरीराला तो घटक ओळखून चिडायला दहा-बारा दिवस लागू शकतात. शिवाय आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेला एकदा इजा झाली की ती बरी होतानाच काळी पडते, आणि तो काळेपणा महिने रेंगाळतो. थोडक्यात, शेवटच्या चार आठवड्यांत सुरू केलेल्या औषधाला तुझं भलं करायला वेळ पुरत नाही, वाटोळं करायला भरपूर पुरतो.

आता तुझ्या पत्रातल्या शेवटच्या इच्छेबद्दल थोडं बोलू. ‘एकही डाग दिसायला नको’ आणि ‘चेहऱ्यावर एकही डाग असायला नको’ ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं मेकअपवालीचं आहे, आणि तुझ्या हनुवटीवरचे तपकिरी डाग तिच्यासाठी पाच मिनिटांचं काम आहे. थोडं नारिंगी करेक्टर, त्यावर कन्सीलर, झालं. तिला न झाकता येणारी गोष्ट म्हणजे सुटलेली सालं, खरबरीत गाल, सुजलेला ओठाचा वरचा भाग. फाउंडेशन सालांमध्ये अडकतं आणि दोन तासांत, नेमकं अंतरपाट दूर होताना, भेगा पडल्यासारखं दिसतं. मेकअप रंग लपवतो, पोत लपवत नाही. आणि शेवटच्या आठवड्यातले पील, ब्लीच, नवी सिरम काय बिघडवतात? पोतच. जे सहज झाकलं गेलं असतं ते घालवायला जाऊन आपण न झाकता येणारं ओढवून घेतो.

मागे एक मुलगी लग्नाच्या पाच दिवस आधी माझ्याकडे आली होती. तिने तीन दिवसांपूर्वी पार्लरमध्ये पील करून घेतलं होतं. ती रोज रात्री ट्रेटिनॉइन लावायची, पीलच्या आदल्या रात्रीही लावलं होतं. करणाऱ्या बाईंनी विचारलं नाही, हिला सांगायचं सुचलं नाही. ट्रेटिनॉइनने आधीच वरचा थर पातळ केलेला, त्यामुळे जे आम्ल वरवर राहायचं ते आत गेलं. दोन्ही गालांच्या उंचवट्यावर कॉफीच्या रंगाचे, कडक, तुकतुकीत चट्टे आले होते. मी तिला फक्त पेट्रोलियम जेली आणि वासाशिवायचं मॉइश्चरायझर दिलं. खपली ओढायची नाही, उन्हात जायचं नाही आणि मेकअपवालीला आजच फोटो पाठव, एवढं सांगितलं. लग्नापर्यंत खपल्या सुटल्या, पण खालची त्वचा गुलाबी आणि नाजूक राहिली. मेकअप तिथे सरकत राहिला. काळे डाग त्यानंतर तीन आठवड्यांनी उमटले आणि जायला चार महिने लागले. ज्या डागांसाठी पील केलं होतं ते यांच्यापुढे काहीच नव्हते.

तुझी त्वचा स्टिरॉइडने पातळ झालेली आहे, म्हणजे धोका तोच. त्यामुळे या मोसमात तुझ्यासाठी पील नाही, कोणाच्याही हातून नाही. दुसऱ्या वाचकांसाठी सांगते: पील वाईट नसतं. ते डॉक्टरांकडून, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, तीन-चार वेळा करायचं असतं आणि त्यातलं शेवटचं त्या लाल रेघेच्या अलीकडे संपायला हवं. आयुष्यातलं पहिलं पील लग्नाच्या महिन्यात करू नये, इतकं लक्षात ठेवलं तरी पुरे.

ब्लीचचं तर गणितच मला कधी कळलं नाही. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया असतो. चेहऱ्यावरची बारीक लव सोनेरी होते, म्हणून चेहरा उजळ वाटतो. त्वचेचा रंग तोच राहतो. आणि ते हळदीच्या आदल्या दिवशी! जळजळणाऱ्या गालांवर दुसऱ्या दिवशी अख्खं घर हळद चोळणार. पार्लरच्या ताईंशी भांडू नकोस, पॅकेजमधून पील आणि ब्लीच काढायला सांग आणि त्या पैशांत हाता-पायांचं काय करतात ते विचार. मेंदीच्या हातांचे फोटो चेहऱ्याइतकेच निघतात.

तर मग डागांचं काय करायचं? पहिला महिना संपून लाली बसली की, म्हणजे लग्नाला साधारण नऊ आठवडे उरलेले असताना, डॉक्टरांनी हो म्हटलं तर एकच औषध सुरू करायचं. तुझ्या बाबतीत माझी पसंती ॲझेलाइक ॲसिडला आहे, १० टक्क्यांचं. पुटकुळ्या आणि डाग दोन्हींवर ते चालतं, स्टिरॉइडने चिडलेल्या त्वचेला रेटिनॉलपेक्षा बरं सोसतं, आणि लग्नानंतर लगेच दिवस राहिले तरी ते बंद करावं लागत नाही. ही शेवटची गोष्ट नवऱ्या मुलींना कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगते. रेटिनॉल, ॲडापॅलिन, ट्रेटिनॉइन ही सगळी एकाच कुळातली, आणि गरोदरपणात ती वापरत नाहीत. डब्यातल्या रेटिनॉलचा विचार मुलाबाळांचं तुमचं काय ठरलंय ते पाहून नंतर कर.

रात्री चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ दे. वाटाण्याएवढं औषध पूर्ण चेहऱ्याला पातळ लाव. फक्त डागांवर ठिपके देऊ नकोस, पुढची पुटकुळी कुठे उगवणार ते तुला माहीत नसतं. वरून मॉइश्चरायझर. पहिले दोन आठवडे दर तिसऱ्या रात्री, पुढचे दोन दिवसाआड, मग सोसलं तर रोज. लावल्यावर दहा-पंधरा मिनिटं मुंग्या चावल्यासारखं होतं, थोडी खाजही येते. सकाळी काही जाणवत नसेल तर ठीक आहे. पण दुसऱ्या दिवशी दुपारीही चेहरा लाल असेल, नाकपुड्यांच्या आणि ओठांच्या कोपऱ्यांत साल निघत असेल, किंवा साधं मॉइश्चरायझरसुद्धा झोंबत असेल, तर त्वचेचं कुंपण मोडलंय असं समज. मग पाच-सात दिवस औषध बंद, फक्त मॉइश्चरायझर, आणि पुन्हा सुरुवात दर तिसऱ्या रात्रीपासून. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत हे एकदा तरी होईल असं धरूनच चाल. तेवढ्यासाठी तर हातात वेळ ठेवलाय.

ज्यांच्या चेहऱ्यावर स्टिरॉइड कधी लागलंच नाही आणि पुटकुळ्या जास्त आहेत, त्यांना याच जागी ॲडापॅलिन ०.१ टक्के चांगलं काम देतं. ते मात्र बारा आठवडे आधीच सुरू करावं. पहिल्या तीन-चार आठवड्यांत त्वचा सुकते, कधी कधी पुटकुळ्या वाढल्यासारख्या वाटतात आणि माणूस घाबरून सोडून देतो. नेमकं पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून बरं दिसू लागतं.

खरं तर या सगळ्यापेक्षा सनस्क्रीनवर तुझा जास्त वेळ खर्च व्हायला हवा. डाग औषधाने जितका फिका होतो तितकाच उन्हाने पुन्हा गडद होतो, आणि तुझे पुढचे तीन महिने पत्रिका वाटण्यात, साड्यांच्या दुकानांत आणि स्कूटरवर जाणार आहेत. एसपीएफ ३० ते ५० चं, चेहरा आणि मान मिळून तर्जनी आणि मधल्या बोटाच्या लांबीच्या दोन रेघा, एवढं. बहुतेक जणी याच्या निम्मंही लावत नाहीत. उन्हात असशील तर दर दोन तासांनी पुन्हा. आपल्या रंगाच्या त्वचेत डाग नुसत्या अतिनील किरणांनीच नाही तर डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतात. साधं सनस्क्रीन तो उजेड अडवत नाही. त्वचेच्या रंगाची छटा असलेलं, आयर्न ऑक्साइडचं सनस्क्रीन बरंच अडवतं. पांढरट थर दिसत नाही हा वरचा फायदा.

दर रविवारी सकाळी एकाच खिडकीशी, फिल्टरशिवाय, एक फोटो काढ. आरशात रोज पाहून काही कळत नाही. पहिल्या चार फोटोंत फरक दिसणार नाही, तेव्हा मन बदलून दुसरं औषध आणायचं नाही. फेब्रुवारीपर्यंत तपकिरी डाग बरेच फिके झालेले असतील, निळसर-राखाडी असतील ते खोलवरचे, ते कदाचित तसेच असतील. त्यांच्यासाठी करेक्टर आहे.

पाळीच्या आधी जबड्यावर येणाऱ्या पुटकुळ्यांचा संबंध हार्मोन्सशी असतो. पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर जाड केस येत असतील तर पीसीओएसची तपासणी करून घे आणि तेही आत्ताच. कोणी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुचवल्या तर लग्नाआधीच्या तीन महिन्यांत त्या सुरू न करण्याकडे माझा कल आहे. ओठ फाटतात, सुरुवातीला पुरळ भडकू शकतं, वॅक्स केलं तर त्वचाच निघते. आणि त्या गोळ्यांवर असताना किंवा थांबवल्यावर महिनाभरात गर्भ राहिला तर बाळाला गंभीर व्यंग होण्याचा धोका असतो.

लाल रेघ यायच्या आधी, म्हणजे लग्नाच्या पाच-सहा आठवडे आधी, मेकअपची चाचणी करून घे. तो मेकअप सहा-सात तास चेहऱ्यावर राहू दे, त्यात जेव, घाम येऊ दे, आणि पुढचे तीन दिवस खाज किंवा बारीक पुरळ येतं का ते बघ. खोट्या पापण्यांचा गोंदही त्याच दिवशी लावून पाहा, पापण्यांना सूज आली तर नंतर काहीच करता येत नाही. टिकलीचंही तसंच. तिच्यामागच्या गोंदाने काहींच्या कपाळावर पुरळ उठतं, काहींना पांढरा डाग पडतो. मुंडावळ्या तिथेच घासणार आहेत. मेंदी ताज्या पानांची किंवा साध्या भुकटीची हवी. ती आधी केशरी दिसते आणि एक-दोन दिवसांत गडद होते. तासाभरात काळीभोर करून देते म्हणणाऱ्या कोनमध्ये बहुधा केस काळे करायचं रसायन असतं, त्याने मेंदीच्या नक्षीबरहुकूम फोड आलेले मी पाहिले आहेत.

आता आईच्या उटण्याकडे येते. आई तीन माणसांत सगळ्यात कमी चुकली आहे, पण थोडी चुकली आहे. उटणं अंगाला लाव, हात-पाय-पाठीला छान. चेहऱ्याला नको, कारण त्यातली भरड पुटकुळ्यांवर घासली की नवे डाग पडतात. हळदीच्या दिवसाची हळद मात्र लागणारच, ती कोण टाळणार! दोन आठवडे आधीच त्याच हळदीचा लेप कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहा, दोन-तीन दिवस थांब. लेपात लिंबू पिळू देऊ नकोस. लिंबाचा रस अंगावर असताना ऊन लागलं तर चट्टे उठतात, आणि हळद तर अंगणातच लागते. हळदीआधी चेहऱ्याला मॉइश्चरायझरचा जाडसर थर दे. नंतर पिवळेपणा घालवायला साबणाने घासू नकोस. हळदीचा रंग तेलात सुटतो, पाण्यात नाही. थोडं तेल किंवा क्लेन्झिंग बाम हलक्या हाताने फिरव, मऊ कापडाने टिपून घे आणि मग तुझ्या नेहमीच्या फेसवॉशने धू.

शेवटच्या दहा दिवसांत चेहऱ्याला कंटाळा येईल इतकं कमी करायचं. आधी दोनदा करून सोसलेलं साधं फेशियल असेल तर ते सात-दहा दिवस आधी, काळे ठिपके न दाबता. थ्रेडिंग तीन-चार दिवस आधी आणि त्यापूर्वी तीन-चार रात्री तिथे औषध नको. चेहऱ्याला वॅक्स नकोच. लग्नाच्या दोन रात्री आधीपासून औषध थांबव, फक्त मॉइश्चरायझर. होणाऱ्या नवऱ्यालाही हे वाचायला दे. लग्नाच्या सकाळी उत्साही न्हाव्याकडून उलट्या दिशेने गुळगुळीत दाढी आणि वर नवं आफ्टरशेव्ह, यातून संध्याकाळपर्यंत गळ्यावर लाल दाणे उठतात. ज्या पद्धतीची दाढी करायची आहे ती महिनाभर आधीपासून तशीच करत राहावी.

आणि समजा, सगळं नीट करूनही लग्नाच्या तीन दिवस आधी हनुवटीवर एक मोठी, दुखरी गाठ आलीच. पाळीच्या तारखा बघता येऊ शकते. फोडायची नाही, टूथपेस्ट नाही, जुनी ट्यूब तर अजिबात नाही. रुमालात बर्फ गुंडाळून दोन-दोन मिनिटं शेक आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. गाठीत अगदी पातळ केलेल्या स्टिरॉइडचं एक छोटं इंजेक्शन देता येतं, एक-दोन दिवसांत ती बसते. त्या जागी क्वचित बारीक खळगा पडतो, त्यामुळे हे लहानसहान पुटकुळीसाठी करायचं नसतं. ‘स्टिरॉइड बंद करा म्हणालात आणि आता तेच टोचताय?’ असं विचारशील. हो. एका गाठीत एकदा, मोजून. फरक तेवढाच आहे. त्यासाठी कोणत्या डॉक्टरांचा दवाखाना त्या आठवड्यात उघडा आहे ते आधीच विचारून, नंबर बहिणीच्या फोनमध्ये टाकून ठेव. तुझा फोन त्या दिवसांत तुझ्या हातात नसणार.

लग्नाच्या रात्री कितीही दमलीस तरी मेकअप काढल्याशिवाय झोपू नकोस. ओल्या वाइप्सनी खसाखसा पुसू नकोस. हळदीला वापरलास तोच बाम, मग फेसवॉश, मग मॉइश्चरायझर. ॲझेलाइक ॲसिड आणि सनस्क्रीन प्रवासाच्या बॅगेत टाक, दोन-तीन रात्रींनी पुन्हा सुरू कर. उरलेल्या डागांना अजून दोन-तीन महिने लागतील. आणि मावसबहिणीचा डबा उघडायचाच असेल तर मार्चमध्ये उघड, व्हिटॅमिन सीपासून, एका वेळी एकच बाटली.